पाणी डाव्या हाताला

माझा जावई श्रीरंग संध्याकाळी ऑफिसातून चालत घरी येतो. ऑफिस फ्रँकफर्टच्या रेडेलहाइम भागात आणि घर एश्बॉर्नला. एस-बान लोकलने गेलं तर दुसऱ्याच थांब्यावर उतरायचं, सात-आठ मिनिटांत घर. चालत त्याला तास लागतो. वेस्टरबाख नावाचा एक ओढा एश्बॉर्नमधून रेडेलहाइमकडे वाहत जातो. त्याच्या कडेकडेने, ऑटोबान महामार्गाच्या पुलाखालून, शेतांमधून श्रीरंग येतो. बुटांना चिखल असतो आणि चेहरा नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलासारखा असतो. माझी मुलगी मैथिली दार उघडून आधी बुटांकडे पाहते, मग त्याच्याकडे.

लग्नात मी त्याला "श्रीरंगराव" अशी हाक मारली, तर हे राव कोण म्हणून तो मागे वळून पाहू लागला. तेव्हापासून मी त्याला अरे-तुरेच करते.

तो मूळचा पाटणचा. पुण्यात मेकॅनिकल इंजिनियर झाला, इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागला आणि चार वर्षं गाडीच्या दाराच्या बिजागऱ्यांची ड्रॉइंग काढत बसला. मग एके दिवशी नोकरी सोडून कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या स्टुडिओत गेला. काम काय, तर जमीन बनवायची. खेळातले डोंगर, नद्या, वाटा, गावं. आमच्या ह्यांना फोनवर मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बिल्डर झाला का?"

२०१५ च्या ऑक्टोबरात मी तीन महिन्यांसाठी मुलीकडे गेले, तेव्हा त्या बांधकामावर संकट आलेलं होतं.

ते संकट मला समजावं म्हणून त्याने एका रविवारी मला खेळ दाखवला. खेळात आपण एक निरोप्या असतो. गावोगावचे निरोप घेऊन एका अवाढव्य मुलुखात हिंडायचं. चालत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला खऱ्या घड्याळाचे दोन तास लागतील एवढा मुलूख. टीव्हीच्या पडद्यावर पहाट होत होती. गवतावर वारा फिरत होता, लांब कुठे तरी मेंढ्या होत्या. आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बांगडीएवढी एक गोल चकती.

"हा मिनी-मॅप," श्रीरंग म्हणाला. "तुम्ही म्हणजे मधला बाण. पिवळा ठिपका म्हणजे जिथे जायचंय ते."

मी पिवळ्या ठिपक्याकडे निघाले. आठ वर्षांची माझी नात नंदिनी बाजूला बसून "लिंक्स, आजी, लिंक्स!", म्हणजे डावीकडे, असं ओरडत होती. मराठी तिला सगळं समजतं, पण घाई असली की तोंडातून जर्मनच येतं. मी डावीकडे वळले, उजवीकडे वळले, ठिपका बाणाखाली आणला आणि पोचले. मला फार धन्य वाटलं.

"छान," श्रीरंग म्हणाला. "आता सांगा, वाटेत नदी होती का?"

मला आठवेना.

"पूल ओलांडलात तुम्ही. दगडी. त्याच्या कठड्यावर एक माणूस बसून बासरी वाजवत होता."

मी सगळा वेळ त्या चकतीकडे पाहत होते. एवढा मोठा टीव्ही, आणि मी चाललेली बांगडीएवढ्या जागेत. वर्गात फळ्यावर सुंदर चित्र काढावं आणि मुलांनी घड्याळाकडे पाहत बसावं, तसं झालं होतं. त्याला ते लागलं असावं, पण तो हसला. "सगळे तसंच करतात, आई. तुम्ही तर फक्त पंधरा मिनिटं केलंत."

त्या मुलुखात एक दरी होती. ती त्याची. स्टुडिओत त्याच्यासारखे पाच जण होते आणि प्रत्येकाकडे आपापला भाग होता. दोन वर्षं तो ही दरी रचत होता. वरच्या खिंडीतून एक झरा निघतो, त्याच्या कडेने उतरलं की धुकं लागतं. धुक्यात एक मनोरा आहे, पण त्यात घंटा नाही. घंटा खाली तळ्यात पडलेली आहे. पाण्याजवळ उभं राहिलं आणि थोडं थांबलं, तर पाण्याखालून तिचा नाद येतो. हे त्याने मला हळू आवाजात सांगितलं, जशी एखादी खरोखर असलेली जागा सांगावी.

पण तिथे कोणी जातच नव्हतं. स्टुडिओने चाळीस अनोळखी लोकांना बोलावून खेळायला बसवलं होतं. कोण कुठून चाललं याची कॉम्प्युटर नोंद ठेवतो आणि त्याचा नकाशा काढतो. जिथे जास्त पावलं तिथे लाल, कमी तिथे निळं, अजिबात नाही तिथे काळं. खिंडीपासून राजधानीपर्यंत डोंगराच्या धारेवरून एक लाल रेघ गेली होती, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. चकतीतला पिवळा ठिपका त्याच दिशेला होता ना. आणि खाली दरी होती, काळी. चाळीसांतले तीन जण तिच्यात गेले होते. त्यातला एक पाय घसरून.

परत येताना तर तेवढंही नाही. एकदा एखाद्या ठिकाणी पायी पोचलं की तिथला थांबा उघडतो. मग पुन्हा चालावं लागत नाही. दुसऱ्या थांब्यावर जाऊन यादीतलं नाव निवडायचं, पडदा क्षणभर काळा होतो आणि आपण तिथे. याला ते फास्ट ट्रॅव्हल म्हणतात. राजधानीला पोचलेला माणूस खिंडीत परत यायचा तो असा. मधली जमीन त्याच्यासाठी एकदाच असायची, आणि त्या एकदाही त्याचं लक्ष चकतीत.

मी त्याला म्हटलं, "माझं फ्रँकफर्ट असंच आहे. एश्बॉर्नला जमिनीखालच्या... नाही, जमिनीवरच्या गाडीत बसते आणि शहराच्या मधोमध हाउप्टवाखेला वर येते. मध्ये काय आहे ते मला विचारू नकोस."

"गेनाऊ!" तो एकदम म्हणाला. "अगदी तेच."

स्टुडिओच्या प्रमुख आंके ब्रांट म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी श्रीरंगला सांगितलं होतं की वसंतात खेळ बाजारात जायचा आहे. दरीतल्या माणसांचे आवाज रेकॉर्ड व्हायचे बाकी, तपासणी बाकी, आणि ज्या जागी कोणी जात नाही तिच्यावर चार माणसांचे दोन महिने घालता येणार नाहीत. तीन आठवड्यांनी शेवटची चाचणी होती, बारा खेळाडूंची. त्यातले निम्मे, म्हणजे सहा, दरीत उतरले तर दरी राहील. नाही तर कापायची. खिंडीच्या खाली एक कडा उभा करायचा, झालं.

"दुष्ट आहे का गं ती?" मी मैथिलीला स्वयंपाकघरात विचारलं.

"नाही गं आई. तीच तर त्याला सगळ्यांत जास्त सांभाळून घेते. पण तिचं म्हणणं पण बघ ना. ऑफिस, मुलं, जेवण, हे सगळं झाल्यावर माणसाला खेळायला चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली तीस तो चालत बसणार? मी नाही बसणार." ती एश्बॉर्नच्याच एका कन्सल्टिंग कंपनीत आहे आणि तिला चाळीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

श्रीरंगने सोपा उपाय केला. चकती काढून टाकली. ऑफिसातल्याच, पण दुसऱ्या खेळावर काम करणाऱ्या चौघांना बसवलं. त्या संध्याकाळी तो ओढ्याच्या वाटेने आला तो अंधार पडल्यावर, आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. चौघेही हरवले होते. दर दहा पावलांना थांबून मोठा नकाशा उघडून पाहत होते. एकाने तर चाळीस मिनिटांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, माझं डोकं दुखतंय.

"चकती असली की बघत नाहीत. नसली की दिसत नाही," श्रीरंग म्हणाला. एवढंच बोलला आणि जेवला.

पुढच्या रविवारी त्याने आमच्या टीव्हीच्या कोपऱ्यात, चकतीवर, एक पिवळा चिकटकागद लावला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. म्हणाला, "आई, तुम्ही मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. मी काही सांगणार नाही. तो नियमच आहे."

मी एका गावात उभी होते. एक लोहार मला म्हणाला, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटली आणि मैथिलीने जर्मनचं मराठी केलं: 'हा निरोप गिरणीवाल्याला दे. मी तुझ्या नकाशावर खूण केली आहे.'

"बरं. पण गिरणी कुठे आहे?" मी लोहाराला विचारलं. तो ऐरणीवर घण घालत राहिला. पुढे एक म्हातारी भेटली. 'खूण केली आहे,' ती म्हणाली. मेंढपाळही तेच म्हणाला.

"ही कसली माणसं रे? सगळा गाव खुणा करतोय. पत्ता एकही सांगत नाही."

नंदिनी खिदळली. मैथिली कणीक मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "बघ रे बाबा. माझ्या आईला बेकरी सांगायची तर तुझं अर्धा तास कीर्तन. 'आई, दारातून निघालात की चर्चचा मनोरा समोर ठेवा, ओढ्याचा आवाज आला की वळा, हिरव्या खिडक्यांचं घर मागे टाका, मग वासच येईल.' फोनवर पिन पाठव म्हटलं तर तुला राग येतो. आणि त्या बिचाऱ्या निरोप्याला काय? एक पिवळा ठिपका."

 श्रीरंग पडद्यावरच्या म्हातारीकडे पाहत होता. मग उठून त्याने चिकटकागद काढला आणि हातात घेऊन उभा राहिला.

"आल्झो," तो म्हणाला, "म्हणजे ही सगळी वाक्यं मीच लिहिलीत."

तीच त्याची चूक होती, आणि ती त्याच्यासारख्या माणसाच्याच हातून व्हावी याचं मला अजून नवल वाटतं. चकती पहिल्या दिवसापासून होती, त्यामुळे कोणालाच पत्ता सांगायची गरज पडली नव्हती. लोहाराला नाही, म्हातारीला नाही. जमीनसुद्धा सांगत नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने खिंडीत उभं राहून पाहिलं, तर तिथून मनोरा दिसतच नव्हता. दीड वर्षापूर्वी त्यानेच हौसेने लावलेली पाइनची राई आड येत होती. चकतीमुळे हेही कधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याने राईतली अकरा झाडं काढली. मला त्याने संख्या सांगितली, जशी खरी झाडं तोडल्याची कबुली द्यावी. खिंडीत पांढरा खडक ठेवला, असा की वाट आपोआप त्याला वळसा घालते आणि वळताना समोर धुक्यातून मनोऱ्याचं टोक दिसतं. आणि तो पत्ते लिहू लागला. आवाज अजून रेकॉर्ड व्हायचे होते हे बरंच झालं. अक्षरं बदलणं त्याच्या हातात होतं.

ते उरलेले दिवस मी विसरणार नाही. बाहेर नोव्हेंबरचं धुकं होतं. सकाळी खिडकीतून समोरच्या ऑफिसांच्या इमारती दिसत नसत, फक्त त्यांचे वरचे दिवे दिसायचे, हवेत टांगल्यासारखे. शनिवारी श्रीरंग मला ओढ्यावर घेऊन जायचा.  मध्येच तो थांबून विचारायचा, "आई, आत्ता मागे कोणी विचारलं असतं की पूल कुठे, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी विचार करून म्हणायचे, "पाणी डाव्या हाताला ठेवा. किडलेला ओंडका आला की पूल जवळ."

तो वहीत लिहून घ्यायचा. ओंडक्याला तो हात लावून पाहायचा. धुक्यात त्याची वही आणि त्याचा श्वास, दोन्ही सारखेच पांढरे दिसत.

घरी आल्यावर त्या वाक्यांतून कोण बोलेल हे तो ठरवायचा. लोहार दिशा सूर्यावरून सांगे. मेंढपाळ चढउतारावरून. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसत असे, म्हणून ती आवाजावरून सांगे. "सगळ्यांनी सारखाच पत्ता सांगितला तर तो पत्ता नाही, पाटी झाली," तो म्हणाला. इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासून मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

थांब्यांचंही त्याने बदललं. आधी खिंडीत थांबा होता, राजधानीत होता, मध्ये काही नाही. आता त्याने एक थांबा दरीच्या तळाशी, तळ्याकाठच्या नावेपाशी ठेवला. जो चालत खाली येईल त्याचा तो कायमचा उघडणार. "थांबा काढून टाकला तर लोक चिडतात, आणि बरोबर चिडतात," तो म्हणाला. "पहिली खेप पायी असावी, एवढंच. नंतर उडी मारा की."

चकतीचा प्रश्न मात्र आंके ब्रांटने सोडवला. काही जणांना दिशा कळतच नाहीत, त्यांचं काय, असं तिने विचारलं. चकती सगळीकडून काढू देणार नाही म्हणाली. मग श्रीरंगच्या पडद्याकडे बघत बघत ती म्हणाली, "तुझ्या दरीत धुकं आहे ना? मग चकतीतही येऊ दे." दरीत पाऊल टाकलं की कोपऱ्यातली चकती हळूहळू पांढरी होऊ लागेल आणि पिवळा ठिपका त्यात विरून जाईल. ज्यांना नकोच असेल त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये धुकं बंद करायची सोय. हे सांगताना श्रीरंगचे डोळे चमकत होते. दुसऱ्याला सुचलेल्या गोष्टीने इतका आनंदणारा माणूस मी स्टाफरूममध्ये फार क्वचित पाहिला.

चाचणीच्या दिवशी तो मला बरोबर घेऊन गेला. मैथिलीला रजा नव्हती आणि त्याला एकट्याने बघवणार नव्हतं. आंकेने माझ्यापुढे एक कागद ठेवला, इथे पाहिलेलं बाहेर सांगणार नाही असा. मी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, समजली काहीच नाही, आणि सही केली. तो खेळ आता जुना झाला, म्हणून हे लिहायला हरकत नाही असं श्रीरंग म्हणतो.

जुन्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत बारा जण खेळत होते. शेजारच्या खोलीत बारा लहान पडद्यांवर त्यांचा खेळ आणि ते स्वतः, दोन्ही दिसत होतं. आम्ही तिथे. कोणाला मदत करायची नाही, बोलायचं नाही. कोणी विचारलं तरी नाही.

पहिली बाई पांढऱ्या खडकापाशी आली, वळली आणि मनोरा पाहून थबकली. उतरली. श्रीरंगने एक बोट मिटलं. दुसरा मेंढपाळाचं ऐकून उतरला. तिसरी रस्त्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मी बरोबर चाललेय का?" श्रीरंगने ओठ घट्ट मिटले. इतके घट्ट, की परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून उभी असलेली मी मला आठवले. ती चुकून मेंढरांच्या वाड्यात शिरली, बाहेर आली आणि झऱ्याचा आवाज ऐकून खाली गेली. तीन.

बाकीचे धारेवरून निघून गेले. सवय असते. तासाभराने दोघे फिरून आले, ते झाले पाच.

पाचांतली एक बाई तळ्याकाठी उभी होती. हलतच नव्हती. आंकेने विचारलं, "हिचा कंट्रोलर बिघडला का?"

"नाही," श्रीरंग म्हणाला. "ती ऐकतेय."

अकरा मिनिटं ती तशीच उभी होती. पाण्यावरून धुकं सरकत होतं, चकती कोरी पांढरी होती, आणि आमच्या खोलीत तो खोल, ओला नाद येत होता.  मी कुठे आहे हे काही क्षण मला खरंच सांगता आलं नसतं.

मग वेळ संपत आली. आंकेने घड्याळ पाहिलं. "पाच," ती म्हणाली, खालच्या आवाजात. "श्रीरंग, सहा ठरलं होतं."

"हो. सहा ठरलं होतं."

शेवटच्या पडद्यावर एक टक्कल पडलेला, साठीच्या आसपासचा गृहस्थ होता. तो पहिल्यांदा धारेवरूनच राजधानीला पोचला होता. आता त्याला खिंडीत परत निरोप न्यायचा होता. तो थांब्यापाशी गेला, यादी उघडली, 'खिंड' या नावावर आला. एक बटण दाबलं की काम झालं. त्याने दाबलं नाही. खुर्चीत मागे टेकून तो कोणाशी तरी बोलल्यासारखा म्हणाला, "मोमेंट माल, एक मिनिट. ती म्हातारी काय म्हणाली होती? जाताना पाणी उजव्या हाताला... मग येताना डाव्या."

त्याने यादी बंद केली. राजधानीच्या वेशीतून बाहेर पडला, दरीतून तिथवर वाहत आलेलं झऱ्याचं पाणी शोधलं, ते डाव्या हाताला ठेवलं आणि खालच्या बाजूने, जिथून यायचं म्हणून श्रीरंगनेही कधी ठरवलं नव्हतं, तिथून धुक्यात शिरला. चकती पांढरी झाली.

श्रीरंगने सहावं बोट मिटलं नाही. हात तसाच मांडीवर राहिला. आंकेने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि खोलीतून निघून गेली. दारात वळून म्हणाली, "सोमवारपासून आवाज. म्हातारीला आधी."

आम्ही खाली आलो तेव्हा चार वाजले होते आणि अंधारू लागलं होतं. मी शाल गुंडाळून सवयीने ओढ्याच्या दिशेला वळले.

"अहो आई, तिकडे नाही," तो म्हणाला. "आज ट्रेनने जाऊ."

"तू? ट्रेनने?"

"मैथिली साडेचारला घरी येते. तिला लगेच सांगायचंय."

"मग फोन कर की."

"छे. तोंडावर सांगायचंय."

गाडी लगेच आली. आम्ही समोरासमोर बसलो. मधला एश्बॉर्न झ्युड थांबा गेला. तो काचेला कपाळ टेकून बाहेर पाहत होता. बाहेर अंधुक उजेडात एक धुक्याची लांब ओळ वळत वळत आमच्या बरोबर येत होती. ओढा तिथून जातो, हे मला आता ठाऊक होतं.